प्रशिक्षण बाँड मोडून नोकरी सोडली, तर नक्की किती पैसे द्यावे लागतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरी लागताना सहीसाठी कागदांचा गठ्ठा समोर येतो. त्यातच कुठेतरी लिहिलेलं असतं, ‘प्रशिक्षणानंतर दोन वर्षांच्या आत राजीनामा दिल्यास तीन लाख रुपये भरावे लागतील.’ त्या दिवशी ते कोणी वाचत नाही. राजीनाम्याच्या दिवशी मात्र सगळं लक्ष त्याच ओळीकडे जातं. खालचे प्रश्न त्या ओळीबद्दलचे आहेत. उत्तरं भारतीय कायद्याला धरून आहेत आणि मुख्यतः खासगी नोकरीतल्या बाँडबद्दल आहेत.

### असा बाँड मुळात कायदेशीर असतो का?

असतो. ‘बाँड वगैरे काही चालत नाही, बिनधास्त निघ’ असं सांगणारा एक मित्र प्रत्येक ऑफिसात भेटतो, आणि त्याचं म्हणणं अर्धंच खरं असतं.

या समजाचा उगम भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मध्ये आहे. कोणालाही धंदा, व्यवसाय किंवा नोकरी करण्यापासून अडवणारा करार त्या मर्यादेपुरता रद्दबातल ठरतो, असं ते कलम सांगतं. म्हणून ‘आमची नोकरी सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धक कंपनीत जायचं नाही’ ही अट आपल्याकडे सहसा टिकत नाही. प्रशिक्षण बाँडचं तसं नाही, कारण तो नोकरी सुटल्यानंतरच्या काळाबद्दल बोलत नाही. ठरलेली मुदत पूर्ण कर, नाहीतर आम्ही केलेला खर्च भरून दे, एवढंच त्याचं म्हणणं असतं. नोकरीच्या मुदतीत लागू असलेलं बंधन आणि नोकरी संपल्यावरचं बंधन हा फरक सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सेंच्युरी स्पिनिंगच्या खटल्यात स्पष्ट केला होता. त्या प्रकरणातला कर्मचारी टायर-कॉर्डच्या उत्पादनाचं खास प्रशिक्षण घेऊन, पाच वर्षांचा करार अर्ध्यावर सोडून दुसऱ्या कंपनीत गेला होता.

अलीकडे, मे २०२५ मध्ये, विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका पुन्हा घेतली: किमान सेवेची अट म्हणजे व्यवसायाला बंदी नव्हे.

बाँड वैध आहे हे एकदा मान्य केलं, की खरा प्रश्न उरतो तो आकड्याचा. कागदावर लिहिलेला आकडा आणि कायद्याने देणं लागतो तो आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक लोक त्या एकच समजतात, आणि वकिलाची नोटीसही तशीच लिहिलेली असते.

### पैसे नाही भरले तर कंपनी मला कामावर ठेवून घेऊ शकते का?

नाही. माणसाकडून जबरदस्तीने नोकरी करून घेण्याचा हुकूम न्यायालय देत नाही. व्यक्तिगत सेवेचा करार विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ खाली ‘अमुक दिवसापर्यंत कामावर हजर राहा’ अशा स्वरूपात अमलात आणता येत नाही. ‘तुमचा राजीनामा आम्ही स्वीकारलेलाच नाही’ असा ईमेल आला, तरी नोटीस पिरियड पूर्ण केल्यावर तुम्हाला खुर्चीवर बसवून ठेवता येत नाही. कंपनीकडे मार्ग राहतो तो पैशाचा.

### ‘दंड’ आणि ‘नुकसानभरपाई’ यांत फरक काय? करारात तर ‘ही रक्कम दंड नाही’ असं स्पष्ट लिहिलंय.

जुन्या इंग्रजी कायद्यात या फरकावर खूप काथ्याकूट झाला. होऊ शकणाऱ्या नुकसानाचा दोन्ही बाजूंनी आधीच केलेला प्रामाणिक अंदाज असेल तर ती भरपाई, आणि ती पूर्ण मिळायची. करार मोडायची हिंमतच होऊ नये म्हणून ठेवलेली भीती असेल तर तो दंड, आणि तो मिळायचा नाही. त्यामुळे प्रत्येक खटल्यात आधी रकमेला नाव काय द्यायचं यावरच भांडण व्हायचं.

आपल्या करार कायद्याच्या कलम ७४ ने हे भांडण बाजूला ठेवलं. रकमेला भरपाई म्हणा किंवा दंड, करार मोडला गेल्यास दुसऱ्या बाजूला मिळते ती ‘वाजवी भरपाई’, आणि ती लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त असू शकत नाही. म्हणजे करारातला आकडा हा छताचा आकडा आहे. छताखाली किती उंचीवर थांबायचं ते न्यायालय ठरवतं. १९६३ च्या फतेहचंद प्रकरणापासून सर्वोच्च न्यायालय हेच सांगत आलं आहे.

म्हणून ‘ही रक्कम दंड नसून उभयपक्षी मान्य भरपाई आहे’ हे वाक्य तुमच्या करारात असलं तरी घाबरून जाऊ नका. ते जवळजवळ प्रत्येक करारात असतं. तीन लाखांचा हिशेब कुठून आला हे कंपनीला सांगता येत नसेल, तर त्या वाक्याने तो हिशेब तयार होत नाही.

### पण कलम ७४ मध्ये ‘प्रत्यक्ष नुकसान सिद्ध झालं असो वा नसो’ असे शब्द आहेत ना? मग कंपनीने काही सिद्ध करायची गरज काय?

हा प्रश्न कंपनीचे वकील हमखास काढतात, आणि तो वाजवी आहे. कलमात ते शब्द खरोखर आहेत.

त्यांचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने टप्प्याटप्प्याने उलगडला. १९६९ च्या मौला बक्ष प्रकरणात न्यायालयाने दोन परिस्थिती वेगळ्या केल्या. काही करारांत नुकसान पैशात मोजणंच अशक्य असतं. तिथे आधी ठरवलेला आकडा प्रामाणिक अंदाज असेल तर तोच मापदंड मानता येतो. पण जिथे नुकसान मोजता येतं, तिथे भरपाई मागणाऱ्याने ते मोजून दाखवलं पाहिजे. २०१५ च्या कैलाशनाथ प्रकरणात न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं की नुकसान झालेलंच नसेल तर कलम ७४ खाली भरपाईच नाही. त्या शब्दांनी पुराव्याचं ओझं हलकं होतं, पण मुळात नुकसान असण्याची गरज संपत नाही.

आता प्रशिक्षणाचा खर्च यांपैकी कशात बसतो? प्रशिक्षण संस्थेची फी भरली असेल तर बिल असतं. विमानाचं तिकीट, हॉटेल, परीक्षा शुल्क या सगळ्यांची नोंद कंपनीच्या हिशेबात असते. हे मोजता येण्यासारखं नुकसान आहे. म्हणून ‘खर्च दाखवा’ ही मागणी बचावातली चलाखी नाही, तीच कलमाची अपेक्षा आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. सगळी न्यायालयं इतक्या काटेकोरपणे हिशेब मागत नाहीत. मद्रास उच्च न्यायालयाने १९९० च्या दशकातल्या तोश्नीवाल ब्रदर्सच्या प्रकरणात म्हटलं की कंपनीच्या खर्चाने खास प्रशिक्षण घेतलेला कर्मचारी मुदतीआधी निघून गेला, तर तो भंग म्हणजेच कायद्याच्या दृष्टीने नुकसान. पैशातलं प्रत्यक्ष नुकसान वेगळं सिद्ध केलंच पाहिजे असं नाही. कंपनीच्या नोटिशीत हा निकाल दिसला तर तो खोटा आहे असं समजू नका. तो आहे. पण तिथेही पाया ‘खास प्रशिक्षण’ आणि ‘कंपनीचा खर्च’ हाच आहे, हे नोटिशीत बहुधा गाळलेलं असतं.

### रक्कम कमी कशी होते याचं एखादं खरं उदाहरण आहे का?

आहे, आणि माझ्या मते या विषयातलं सगळ्यात समजायला सोपं उदाहरण तेच आहे. सिक्पा इंडिया नावाच्या कंपनीने आपल्या एका माजी कर्मचाऱ्यावर दावा लावला. बाँड तीन वर्षांचा होता आणि रक्कम दोन लाख रुपये. कर्मचारी दोन वर्षं काम करून निघाला होता. कनिष्ठ न्यायालयात पुराव्यातून दिसलं की कंपनीने त्याच्या प्रशिक्षणावर केलेला खर्च ६७,५९५ रुपये होता.

न्यायालयाने दोन लाखांचा आकडा बाजूला ठेवला आणि ६७,५९५ पासून सुरुवात केली. हा खर्च तीन वर्षांच्या सेवेच्या बदल्यात केलेला होता, तीनपैकी दोन वर्षांची सेवा कंपनीला मिळालेली होती, म्हणजे नुकसान उरलं ते एका वर्षाचं. खर्चाचे तीन भाग करून एका भागाचा हुकूम झाला: २२,५३२ रुपये. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, पण २०११ मध्ये उच्च न्यायालयाने तो हिशेब बदलला नाही.

यात दोन पायऱ्या आहेत. आधी लिहिलेल्या रकमेवरून प्रत्यक्ष खर्चावर उतरणं, आणि मग केलेल्या सेवेच्या प्रमाणात आणखी खाली उतरणं. दुसरी पायरी कायद्याच्या कुठल्याही कलमात लिहिलेली नाही. ती ‘वाजवी’ या शब्दातून आलेली आहे, आणि म्हणून प्रत्येक न्यायाधीश ती याच मापाने उतरेल अशी खात्री देता येत नाही. पण पंधरा दिवस काम करून पळालेला आणि मुदत संपायला पंधरा दिवस बाकी असताना निघालेला, या दोघांनी सारखेच पैसे द्यायचे हे कोणत्याही न्यायाधीशाला पटवून देणं अवघड आहे.

### माझ्या बाबतीत हा हिशेब कसा मांडायचा?

एक काल्पनिक प्रकरण घेऊ. बाँड तीन लाखांचा, प्रशिक्षण संपल्यापासून चोवीस महिन्यांचा. मुलगी पंधरा महिने काम करून निघाली. तिने हिशेब मागितल्यावर कंपनीने पत्र पाठवलं. त्यात बाहेरच्या संस्थेची फी ४८,००० रुपये, प्रवास आणि राहणं २२,०००, कंपनीतल्याच प्रशिक्षकाचा वाटा ३०,०००, तीन महिन्यांच्या प्रशिक्षण काळातला पगार ७५,०००, लॅपटॉप ५५,००० आणि भरती एजन्सीचं कमिशन ४०,०००. बेरीज २,७०,०००. उरलेले तीस हजार ‘इतर’.

पहिल्या दोन रकमांवर भांडण्यात अर्थ नाही. बिलं असतील तर सत्तर हजारांचा खर्च खरा आहे आणि तो तिच्यासाठीच झालेला आहे.

प्रशिक्षकाच्या रकमेकडे नीट बघायचं. तो माणूस कंपनीचा पगारी आहे, ती मुलगी आली नसती तरी त्याचा पगार चालूच राहिला असता. कंपनी म्हणेल की त्याचा वेळ गेला. ठीक आहे, पण मग त्याच्या तुकडीत किती जण होते आणि दिवसातले किती तास तो शिकवत होता, हे सांगावं लागेल. समजा बारा जणांत खर्च वाटूनच तीस हजार आलेत, पण तो अर्धा दिवस स्वतःचं नेहमीचं काम करत होता. मग पंधरा हजार धरणं रास्त वाटतं.

प्रशिक्षण काळातला पगार हा सगळ्यात वादाचा भाग. त्या तीन महिन्यांत ती फक्त वर्गात बसून शिकत होती का? की तिसऱ्या महिन्यापासून तिला ग्राहकाच्या कामावर लावलं होतं? लावलं असेल तर त्या महिन्याचा पगार हा कामाचा मोबदला आहे, प्रशिक्षणाचा खर्च नव्हे. टाइमशीट, कामाचे ईमेल, तिकीट सिस्टिममधल्या नोंदी यांतून हे दिसतं. उरलेल्या दोन महिन्यांचे पन्नास हजार न्यायालय धरेल किंवा धरणार नाही. दोन्ही शक्यता ठेवून पुढे जाऊ.

लॅपटॉप तिने परत केला आहे, पावती घेतली आहे, विषय संपला. भरती एजन्सीचं कमिशन हा प्रशिक्षणाचा खर्चच नाही. करारात फक्त ‘प्रशिक्षण खर्च’ असे शब्द असतील तर तो आत घुसवता येत नाही. ‘इतर’ तीस हजारांबद्दल बोलायलाच नको.

म्हणजे पगार न धरता खर्च ८५,००० रुपये. चोवीसपैकी नऊ महिने बाकी, म्हणून ३१,८७५. पगाराचे पन्नास हजार धरले तर १,३५,००० चे नऊ चोविसांश, म्हणजे ५०,६२५. तीन लाखांच्या नोटिशीमागे खरा वाद साधारण बत्तीस ते एक्कावन्न हजारांच्या मधला आहे. न्यायालय काय म्हणेल याची ही हमी नाही, पण तडजोडीच्या टेबलावर बसताना हातात हा कागद असणं आणि नसणं यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

### नुसतं इंडक्शन झालं, खास प्रशिक्षण काहीच नव्हतं. तरी बाँड लागू होतो का?

इथे कंपनीची बाजू बरीच लंगडी पडते. पहिल्या आठवड्यात कंपनीची ओळख, सुरक्षेचे नियम, अंतर्गत सॉफ्टवेअर कसं वापरायचं, मग सीनियरच्या शेजारी बसून काम शिकणं, हे कोणत्याही नोकरीत असतं. ते कंपनी स्वतःच्या कामासाठी करते. त्याचा वेगळा खर्च दाखवता येत नाही आणि तुम्हालाही त्यातून बाहेर विकता येईल असं कौशल्य मिळत नाही.

उलट विमानाच्या विशिष्ट जातीचं वैमानिक प्रशिक्षण, परदेशात पाठवून यंत्राच्या मूळ उत्पादकाकडे शिकवणं, महागडं प्रमाणपत्र, अशा ठिकाणी खर्च मोठा आणि उघड असतो. तिथे मोठी रक्कमही वाजवी ठरू शकते. आधी सही करताना विचारावं, ‘प्रशिक्षण नेमकं कोणतं, कोण देणार, त्याचा खर्च किती?’ उत्तर ईमेलवर मिळालं तर उत्तमच. न मिळालेलं उत्तरही पुढे उपयोगी पडतं.

### मग विजया बँकेच्या निकालात दोन लाख पूर्ण कसे मान्य झाले?

हा निकाल आल्यापासून अनेक एचआर विभाग तो नोटिशीला जोडतात, म्हणून त्याची गोष्ट नीट माहीत असलेली बरी.

तो बाँड प्रशिक्षणाचा नव्हताच. बँकेने सीनियर मॅनेजरच्या पदासाठी जाहिरात दिली होती आणि त्यातच अट होती: किमान तीन वर्षं सेवा, नाहीतर दोन लाख रुपये. अधिकारी २००७ मध्ये रुजू झाला आणि २००९ मध्ये दुसऱ्या बँकेत जाण्यासाठी निघाला. त्याने दोन लाख विरोध नोंदवून भरले आणि मग न्यायालयात गेला. कर्नाटक उच्च न्यायालयात तो जिंकला, सर्वोच्च न्यायालयात बँक जिंकली.

न्यायालयाने मांडलेली कारणं बघा. सार्वजनिक बँकेला मनाला येईल त्या माणसाला आणून खुर्चीवर बसवता येत नाही. जाहिरात, स्पर्धा, निवड असा सगळा खर्चिक आणि लांबलचक मार्ग पुन्हा चालावा लागतो. आणि अधिकारी वरच्या पदावर, चांगल्या पगारावर होता. त्याच्या दृष्टीने दोन लाख इतके मोठे नव्हते की राजीनामा देणं केवळ नावापुरतं शक्य राहावं.

हे शेवटचं माप लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण ते दोन्ही बाजूंना चालतं. महिना अठरा हजार कमावणाऱ्या नवशिक्याकडे पाच लाख मागणारा बाँड याच मापाने मोजला तर काय दिसेल? ज्या कंपनीला सोमवारी मुलाखत घेऊन गुरुवारी दुसरा माणूस रुजू करता येतो, तिला सार्वजनिक बँकेची अडचण सांगता येत नाही. त्याच वेळी ‘छापील फॉर्म होता, मी वाचलाच नाही’ एवढ्यावर सुटका होत नाही, हेही या निकालावरून दिसतं.

### कंपनीने माझा शेवटचा पगार बाँडपोटी अडवलाय. हे चालतं का?

कंपनीला हा मार्ग सगळ्यात आवडतो, कारण यात न्यायालयात तिला जावं लागत नाही, तुम्हाला जावं लागतं.

वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यानुसार राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचं देय वेतन कामाच्या दोन दिवसांत चुकतं करायचं आहे. वेतनातून कोणत्या कारणांसाठी कापता येतं याची यादी संहितेत आहे. अनुपस्थिती, उचल, कर्ज, प्राप्तिकर, न्यायालयाचा हुकूम वगैरे कारणं तिथे आहेत. ‘प्रशिक्षण बाँड’ हे कारण नाही. शिवाय एका वेतन काळातल्या सगळ्या कपाती मिळून निम्म्या वेतनापेक्षा जास्त होऊ शकत नाहीत. बाँडची रक्कम किती हे अजून कोणी ठरवलेलंच नसताना स्वतःच न्यायाधीश होऊन अख्खा पगार गिळून टाकणं या चौकटीत बसवणं कंपनीला जड जातं.

भविष्य निर्वाह निधीला तर हातच लावता येत नाही. तो पैसा कायद्याने जप्तीपासून सुरक्षित आहे. ‘बाँड भरल्याशिवाय पीएफ मिळणार नाही’ असं कोणी म्हटलं तर ते लेखी मागून घ्या. बहुधा लेखी येत नाही.

### नोटिशीत बाँडवर अठरा टक्के जीएसटी लावलाय.

तो काढून टाकायला सांगा. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात (क्रमांक १७८) स्पष्ट केलं आहे की किमान मुदतीआधी नोकरी सोडल्यामुळे वसूल केलेली बाँडची रक्कम ही कोणत्याही सेवेचा मोबदला नाही, त्यामुळे तिच्यावर जीएसटी नाही.

### रुजू होताना कोरा चेक आणि मूळ प्रमाणपत्रं घेतली होती. आता?

मूळ प्रमाणपत्रं तुमची मालमत्ता आहे. पडताळणीसाठी बघणं वेगळं आणि तारण म्हणून कपाटात ठेवणं वेगळं. लेखी मागणी करा, न दिल्यास वकिलामार्फत नोटीस द्या, गरज पडल्यास पोलिसांत तक्रार आणि दिवाणी न्यायालय हे दोन्ही मार्ग आहेत. मागणीच्या ईमेलमध्ये कोणती प्रमाणपत्रं, कोणत्या तारखेला, कोणाकडे दिली ते लिहा. ‘माझी डॉक्युमेंट्स द्या’ एवढंच लिहिलं तर पुढे ती दिलीच नव्हती असं म्हणायला जागा राहते.

चेकचं प्रकरण जास्त धोकादायक आहे. सही केलेला कोरा चेक कंपनीने तीन लाखांचा भरून बँकेत टाकला आणि तो परत आला, तर परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते. सही तुमची आहे म्हटल्यावर चेक कायदेशीर देण्यासाठीच दिला होता असं न्यायालय गृहीत धरून चालतं. ते खोटं ठरवण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. बचाव आहे: ज्या दिवशी चेक बँकेत टाकला त्या दिवशी तेवढी रक्कम खरोखर देणं होती का, हाच प्रश्न. बाँडखाली किती देणं लागतं हे ठरायचं असताना पूर्ण तीन लाख हे ‘देणं’ कसं, हा मुद्दा जोरात मांडता येतो. पण तो खटल्यात मांडायचा मुद्दा आहे आणि तोपर्यंत तारखा चालू होतात.

म्हणून चेक परत गेल्याची नोटीस आली तर ती ड्रॉवरमध्ये ठेवू नका. मिळाल्यापासून पंधरा दिवसांची मुदत असते. त्या आत उत्तर गेलं पाहिजे आणि त्यात चेक कधी, कशासाठी, कोरा दिला होता हे लिहिलेलं पाहिजे. राजीनाम्याच्या पत्रातच ‘अमुक क्रमांकाचा कोरा चेक तारण म्हणून दिला होता, तो परत करावा’ असं लिहून ठेवलं असेल तर त्याहून चांगलं.

### बाबांनी जामीनदार म्हणून सही केली आहे. त्यांच्याकडून पूर्ण रक्कम वसूल होईल का?

जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते. तुमच्याकडून वाजवी भरपाई पन्नास हजार ठरली तर त्यांच्यावरही तेवढीच येते. मात्र कंपनी आधी तुमच्यामागे न लागता थेट त्यांना नोटीस पाठवू शकते, आणि बहुतेक वेळा त्यासाठीच त्यांची सही घेतलेली असते.

### कंपनीनेच काढून टाकलं, किंवा ठरलेलं प्रशिक्षणच दिलं नाही, तर?

बाँडच्या वाक्यात भंग कशाने होतो ते वाचा. ‘कर्मचाऱ्याने राजीनामा दिल्यास’ असं असेल तर कपातीत काढलेल्या माणसाला ते लागू होत नाही. म्हणूनच काही कंपन्या काढायच्या आधी राजीनामा लिहून मागतात. अशा वेळी राजीनाम्यात ‘वैयक्तिक कारणांमुळे’ हे ठरावीक वाक्य लिहिण्यापूर्वी दहा वेळा विचार करा. ‘व्यवस्थापनाच्या सांगण्यावरून’ हे दोन शब्द पुढे फार किमतीचे ठरू शकतात.

आणि प्रशिक्षणाचं आश्वासन कंपनीनेच पाळलं नसेल, पगार ठरल्यापेक्षा कमी केला असेल किंवा महिनोन्‌महिने थकवला असेल, तर स्वतः करार न पाळणाऱ्याला दुसऱ्याकडून भरपाई मागणं अवघड जातं.

### सरकारी वैद्यकीय बाँडलाही हेच नियम लागतात का?

नाही. कलम ७४ लाच एक अपवाद जोडलेला आहे. कायद्याखाली किंवा सरकारच्या आदेशाने, लोकांच्या हिताच्या कामासाठी दिलेल्या बाँडचा भंग झाला तर लिहिलेली पूर्ण रक्कम देणं लागते. पदव्युत्तर आणि अतिविशेष वैद्यकीय अभ्यासक्रमांनंतरच्या सक्तीच्या सेवेचे बाँड सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये वैध ठरवले आहेत. म्हणून डॉक्टर मित्राचा अनुभव ऐकून आयटीतल्या माणसाने घाबरू नये, आणि आयटीतल्या माणसाचं ऐकून डॉक्टरने निर्धास्त होऊ नये.

### कंपनी खरंच दावा लावते का? लावला तर काय होतं?

पुष्कळदा गोष्ट वकिलाच्या नोटिशीवरच थांबते, कारण चाळीस हजारांसाठी काही वर्षं दिवाणी न्यायालयात साक्षीदार पाठवणं कंपनीलाही परवडत नाही. पण यावर विसंबून राहणं हा जुगार आहे. करारभंगाच्या तारखेपासून तीन वर्षांपर्यंत दावा दाखल करता येतो, त्यामुळे सहा महिने शांतता राहिली म्हणजे विषय मिटला असं नाही.

दावा कधीकधी समरी सूट म्हणून लावला जातो. लेखी करारातली ठरावीक रक्कम असली की हा झटपट मार्ग वापरता येतो. समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत हजेरी नोंदवली नाही तर तुमचं म्हणणं न ऐकता हुकूम होऊ शकतो. वर सांगितलेले सगळे मुद्दे बरोबर असूनही माणूस हरतो तो बहुधा इथे. हजर राहून बचावाची परवानगी मागायची आणि सांगायचं की ही ठरावीक रक्कम नाही, कलम ७४ खाली वाजवी भरपाई किती हे पुराव्यानेच ठरवावं लागेल.

### नोटीस आली आहे. पहिलं उत्तर काय द्यायचं?

भांडखोर उत्तर नको आणि ‘सॉरी, हप्त्याने देतो’ असंही नको. दुसऱ्या प्रकारच्या उत्तरात तुम्ही पूर्ण रक्कम मान्य करून बसता. प्रशिक्षणाचा तपशील, तारखा, बिलांच्या प्रती आणि माझ्या वाट्याचा हिशेब द्या, मी इतके महिने सेवा केली आहे, वाजवी भरपाईपेक्षा जास्त काही देणं लागत नाही, एवढं साध्या भाषेत लिहायचं. प्रत स्वतःच्या खासगी ईमेलवर ठेवायची, कारण ऑफिसचा ईमेल शेवटच्या दिवशी संध्याकाळी बंद होतो.

हिशेब आला तर वर दाखवला तसा एकेक आकडा तपासून आपला आकडा काढा आणि तडजोड करायची असेल तर तो ‘हक्कांना बाधा न आणता’ असं लिहून द्या. पैसे भरलेच तर त्या बदल्यात रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचं पत्र, चेक परत आणि ‘यापुढे कोणतंही देणं बाकी नाही’ असं पत्र एकाच वेळी हातात घ्या. आधी पैसे, मग पत्र असा क्रम ठरला, की पत्र मागत फिरायची पाळी येते.